खरवस वाफेवर बसतो, दूध का बसत नाही?

प्रश्न: चिकाचा खरवस नुसत्या वाफेवर वडीसारखा बसतो. साधं दूध रोज उकळतो, ते मात्र कधी बसत नाही, आणि लिंबू पिळलं की लगेच नासतं. मुलीच्या बारावीच्या पुस्तकात उष्णता आणि आम्ल दोन्हींमुळे प्रथिनं 'डिनेचर' होतात एवढंच एक वाक्य आहे. प्रथिनांच्या रचनेच्या चार पातळ्या, त्यांना धरून ठेवणारे बंध आणि हे सगळं यांचा संबंध कोणी नीट सांगेल का?

उत्तर:

पुस्तकातल्या त्या एका वाक्यात दोन वेगळ्या घटना एकत्र बांधल्या गेल्या आहेत, म्हणून गोंधळ होतो. प्रथिनाची घडी मोडणं ही एक घटना, आणि प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून साकळणं ही दुसरी. डिनेचर होणं म्हणजे फक्त पहिली. दूध उकळतं तेव्हा त्यातल्या काही प्रथिनांची घडी खरोखर मोडते, पण ती साकळलेली दिसत नाहीत. लिंबू पिळल्यावर जे साकळतं त्याची घडी मुळात मोडलेलीच नसते. खरवसात दोन्ही घटना एकापाठोपाठ घडतात.

मी बावीस वर्षं दूध तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यामुळे उदाहरणं दुधातलीच देतो. गायीच्या दुधात साधारण सव्वातीन टक्के प्रथिन असतं. त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास केसीन, आणि उरलेली ती निवळीतली प्रथिनं, म्हणजे न उकळलेलं दूध लिंबानं नासवून गाळल्यावर खाली जे हिरवट पाणी राहतं त्यात विरघळलेली. निवळीतलं सर्वांत मुबलक प्रथिन म्हणजे बीटा-लॅक्टोग्लोब्युलीन. लिटरभर दुधात ते जवळपास ३ ग्रॅम असतं. चारही पातळ्या त्याच्यात स्वच्छ दिसतात, म्हणून तेच हातात घेऊ.

पहिली पातळी म्हणजे साखळीतला क्रम. बीटा-लॅक्टोग्लोब्युलीन ही १६२ अमिनो आम्लांची एक साखळी आहे. सुरुवात ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, थ्रिओनीन, ग्लुटामीन अशी होते आणि क्रम शेवटपर्यंत ठरलेला असतो. एका अमिनो आम्लाचा कार्बन पुढच्याच्या नायट्रोजनला जोडला जातो, तो पेप्टाइड बंध. हा सहसंयुज बंध आहे, खरा मजबूत. प्रयोगशाळेत प्रथिनाची सगळी अमिनो आम्लं सुटी करायची असतील तर ते सहा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात घालून, नळी बंद करून, ११० अंश सेल्सियसला २४ तास ठेवावं लागतं. यावरून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: स्वयंपाकघरातली कुठलीही उकळी आणि कुठलंही लिंबू पहिल्या पातळीला धक्का लावत नाही. डिनेचर झालेल्या प्रथिनाची साखळी अखंडच असते. म्हणूनच उकळलेल्या दुधातलं प्रथिन पोषणात कमी पडत नाही.

दुसरी पातळी म्हणजे त्या साखळीच्या कण्याला ठिकठिकाणी आलेला नियमित आकार. कण्यात प्रत्येक अमिनो आम्लापाशी एक ऑक्सिजन आणि एक नायट्रोजनला लागलेला हायड्रोजन असतो, आणि त्यांना एकमेकांची ओढ असते. हा हायड्रोजन बंध. साखळी फिरक्या घेत गेली तर प्रत्येक ऑक्सिजनला चार जागा पुढचा हायड्रोजन सापडतो आणि अल्फा सर्पिल तयार होतं. साखळीचे तुकडे शेजारीशेजारी आडवे पडले तर बंध तुकड्यातुकड्यांमध्ये होतात आणि बीटा पट्टा तयार होतो. कणा कुठल्या कोनांत वळू शकतो आणि कुठल्या नाही, याचा नकाशा मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडला, आणि आजही जगात कोणी प्रथिनाची रचना काढली की ती त्या नकाशावर तपासूनच पुढे जाते. आपल्या प्रथिनात नऊ बीटा पट्ट्या आणि तीन फिरक्यांचं एक अल्फा सर्पिल आहे. या पातळीत कण्याचाच भाग असतो, बाजूच्या साखळ्यांचे, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लातून कण्याबाहेर निघणाऱ्या त्याच्या खास गटाचे, बंध नव्हे. परीक्षेत इथेच मुलांची चूक होते.

तिसऱ्या पातळीवर जरा थांबू, कारण पुढची सगळी कथा तिथे आहे. नऊपैकी आठ पट्ट्या वळून एक पिंप बनतं आणि सर्पिल त्याच्या बाहेरच्या अंगाला टेकतं. हे पिंप कशानं बंद राहतं? मुख्यतः पाण्यामुळे. ल्युसीन, व्हॅलीन, आयसोल्युसीन, फिनाइलअलानीन यांच्या बाजूच्या साखळ्या तेलकट स्वभावाच्या असतात. त्या पाण्यात उघड्या पडल्या की त्यांच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना विशिष्ट मांडणीत अडकून राहावं लागतं. साखळी वळून त्यांना आत लपवते तेव्हा ते पाणी मोकळं होतं. वरणावर तेलाचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, त्यामागेही हेच कारण आहे. याला जलद्वेषी परिणाम म्हणतात. पुस्तकं त्याला 'जलद्वेषी बंध' म्हणतात, पण दोन अणूंमध्ये दाखवता येईल असा तो बंध नाही. माझ्या मते तो शब्दच मुलांना चुकीच्या दिशेला नेतो.

त्याच्या जोडीला तीन गोष्टी असतात. बाजूच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध, धन आणि ऋण भारांच्या जोड्या म्हणजे आयनिक बंध, आणि गंधकाचे पूल. सिस्टीन या अमिनो आम्लाच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजन असतो. दोन सिस्टीन जवळ आली आणि त्यांचे हायड्रोजन निघून गेले की गंधकाला गंधक जुळतो, तो डायसल्फाइड बंध. तो सहसंयुज असतो, तापानं सहज तुटत नाही. आपल्या प्रथिनात पाच सिस्टीन आहेत. ६६ आणि १६० क्रमांकाचं एक जोडपं, १०६ आणि ११९ चं दुसरं. पाचवं, १२१ क्रमांकाचं, एकटंच राहतं आणि त्या सर्पिलाखाली लपलेलं असतं. ही १२१ ची जागा लक्षात ठेवा.

घडी कशी पडायची हे कोण ठरवतं? पहिली पातळीच. अमेरिकेत क्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन यांनी १२४ अमिनो आम्लांचं रायबोन्यूक्लिएज घेतलं, युरियाच्या दाट द्रावणात त्याची घडी मोडली, गंधकाचे चारही पूल तोडले, आणि मग ती रसायनं हळूहळू काढून टाकली. प्रथिन आपलं आपण पूर्ववत झालं आणि कामालाही लागलं. आठ सिस्टीनच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, त्यातला बरोबर एकच प्रकार साखळीनं स्वतः निवडला. १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो या कामासाठी.

चौथी पातळी म्हणजे अशा एकाहून अधिक घड्या केलेल्या साखळ्या एकत्र येणं. दुधाचं पीएच ६.६ ते ६.७ असतं. त्या पीएचला बीटा-लॅक्टोग्लोब्युलीनचे दोन रेणू जोडीनं राहतात. त्यांच्यात कुठलाही सहसंयुज बंध नसतो, नुसत्या हायड्रोजन बंधांवर आणि पृष्ठभाग पृष्ठभागाला बसण्यावर जोडी टिकते. चिकातलं मुख्य प्रथिन मात्र वेगळं आहे. ते म्हणजे प्रतिपिंड, इम्युनोग्लोब्युलीन जी. त्यात दोन जड आणि दोन हलक्या अशा चार साखळ्या असतात आणि त्यांना डायसल्फाइड पूलही बांधून ठेवतात. म्हणून 'चौथ्या पातळीत फक्त कमजोर बंध असतात' असं उत्तर मुलीनं लिहिलं तर ते अर्धंच बरोबर ठरेल.

आता उष्णता. घडी केलेलं प्रथिन आणि उलगडलेलं प्रथिन यांच्यातला ऊर्जेचा फरक फार थोडा असतो, बहुतेक प्रथिनांत मोलमागे २० ते ६० किलोज्यूल. एका पेप्टाइड बंधाची ऊर्जा साधारण ३०० किलोज्यूल असते, म्हणजे संपूर्ण घडीची शिल्लक फार तर एका बंधाच्या पाचव्या भागाइतकी. याचं कारण असं, की घडीत शेकडो लहान ओढी एका बाजूला असतात आणि दुसऱ्या बाजूला साखळीची मोकळं सुटण्याची प्रवृत्ती असते. उलगडलेली साखळी लाखो प्रकारे पडू शकते, घडी केलेली एकाच प्रकारे. तापमान वाढतं तसं या मोकळेपणाचं पारडं जड होत जातं, आणि हायड्रोजन बंधांना हिसके बसू लागतात. एका ठिकाणी बंध सुटला की शेजारचे उघडे पडतात, तिथे पाणी शिरतं, आणि मग पुढचे सुटतात. म्हणून घडी थोडीथोडी सैल होत नाही. थोड्याच अंशांच्या पट्ट्यात एकदम कोसळते.

बीटा-लॅक्टोग्लोब्युलीनमध्ये हे पुढच्या क्रमानं घडतं. दूध तापत जातं तशी आधी जोडी सुटते, म्हणजे चौथी पातळी जाते. ७० अंशांच्या पुढे सर्पिल पिंपापासून उचलू लागतं आणि १२१ चं एकटं सिस्टीन उघडं पडतं. तिसरी पातळी गेली. मग पट्ट्याही विस्कटतात. उघड्या पडलेल्या तेलकट बाजू आता शेजारच्या रेणूतल्या तशाच बाजू शोधतात आणि चिकटतात. याच वेळी ते उघडं गंधक दुसऱ्या रेणूतल्या गंधकाच्या पुलावर चाल करतं, तो पूल तोडून स्वतः तिथे जुळतं, आणि त्यामुळे तिथलं दुसरं गंधक मोकळं होऊन पुढच्या रेणूकडे वळतं. अशी मालिका सुरू झाली की परतीचा मार्ग बंद. दूध गार झालं तरी साखळ्या सुट्या होत नाहीत, कारण त्या आता सहसंयुज बंधांनी गुंतल्या आहेत. दूध जास्त आटलं की जो शिजलेला वास येतो तोही या उघड्या पडलेल्या गंधकाचाच.

हे गंधक किती महत्त्वाचं आहे ते निवळीतल्या दुसऱ्या प्रथिनावरून कळतं. अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन १२३ अमिनो आम्लांचं आहे, त्यात गंधकाचे चार पूल आहेत, पण एकही मोकळं सिस्टीन नाही. ते बीटा-लॅक्टोग्लोब्युलीनपेक्षा कमी तापमानाला, ६५ अंशांच्या आसपासच उलगडतं. पण ते एकटंच असेल तर गार केल्यावर बहुतांशी परत घडी घालतं. म्हणजे लवकर मोडणारं प्रथिन पूर्ववत होतं आणि उशिरा मोडणारं कायमचं जातं. 'उष्णतेनं प्रथिन कायमचं बिघडतं' हा नियम नाही. घडी मोडल्यावर ते कोणाला जाऊन चिकटतं यावर ते ठरतं.

खरवसाकडे येऊ. व्यायल्यानंतरच्या पहिल्या धारेच्या चिकात १४ टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं, म्हणजे साध्या दुधाच्या चौपट, आणि त्यातला मोठा वाटा प्रतिपिंडांचा आणि निवळीतल्या इतर प्रथिनांचा असतो. हे सगळे घडी असलेले, उष्णतेला मोडणारे रेणू. वाफेवर ठेवलं की ते उलगडतात, आणि इतके दाटीनं असतात की उलगडलेल्या साखळीला हात लांब न करताच शेजारीण सापडते. साखळ्यांचं जाळं सगळ्या भांड्यात पसरतं, पाणी आणि स्निग्धांश त्यात अडकतात, आणि सुरीनं कापता येईल असा गोळा बसतो. अंड्याचा पांढरा भागही याच पद्धतीनं घट्ट होतो. पहिल्या दिवसाच्या चिकात बायका बरोबरीनं किंवा जास्तही दूध घालतात, नाहीतर खरवस रबरासारखा होतो. तिसऱ्या दिवसाच्या चिकात दूध घालून चालत नाही, आणि चौथ्या दिवशी तर तो धड बसतही नाही, कारण प्रतिपिंडं दर धारेला झपाट्यानं कमी होत जातात. त्या प्रमाणाचा अंदाज आपल्या आज्यांना बोटानं चीक चाचपून येत असे. मी प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून तेच काढत असे.

वासराच्या दृष्टीनं मात्र हा हिशेब उलटा आहे. वासराला चिकातलं प्रथिन नुसतं खाद्य म्हणून नको असतं, त्याला प्रतिपिंडाची घडी शाबूत हवी असते, कारण जंतूला धरणारी जागा त्या घडीतच असते. ज्या गोठ्यांत चीक तापवून जंतू मारून मग पाजतात, तिथे ६० अंशांना ६० मिनिटं ही मर्यादा पाळतात. ६३ अंशांच्या पुढे गेलं की प्रतिपिंडं घटू लागतात आणि चीक दाट व्हायला लागतो. तीन अंशांत एवढा फरक पडतो, कारण घडी कोसळण्याचा पट्टा अरुंद आहे हे वर सांगितलंच.

मग साधं दूध का बसत नाही? दोन कारणं. एक, घडी असलेली प्रथिनं त्यात जेमतेम अर्धा-पाऊण टक्का असतात, जाळं विणायला ती पुरत नाहीत. उलगडलेलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलीन बरचसं केसीनच्या कणांच्या अंगाला जाऊन चिकटतं. कापा केसीन नावाच्या केसीनमध्ये सिस्टीन असतं, त्याच्याशी ते गंधकाचा पूल बांधतं. दूध दिसायला तसंच राहतं, पण सूक्ष्म पातळीवर बदललेलं असतं. उकळलेल्या दुधाचं दही कच्च्या दुधापेक्षा घट्ट लागतं ते या चिकटलेल्या थरामुळेच.

दुसरं कारण केसीनचं स्वतःचं. केसीनला पिंप किंवा गोळा अशी पक्की घडी नाहीच. बीटा केसीनच्या २०९ अमिनो आम्लांत ३५ प्रोलीन आहेत, आणि प्रोलीनच्या नायट्रोजनवर हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजनच उरलेला नसतो. शिवाय ते साखळीला ठरावीक कोनात अडवतं. त्यामुळे लांब सर्पिलं किंवा पट्टे पडतच नाहीत. ज्याची घडी नाही त्याची मोडणार काय? केसीनच्या हजारो साखळ्या कॅल्शियम फॉस्फेटच्या बारीक कणांभोवती गोळा होऊन एक गोळी बनते, आणि तिच्या बाहेरच्या बाजूला कापा केसीनची ऋण भाराची टोकं केसांसारखी उभी असतात. सगळ्या गोळ्यांवर ऋण भार, म्हणून त्या एकमेकींना दूर ढकलतात. चांगलं ताजं दूध दाबाखाली १४० अंशांना ठेवलं तरी ते साकळायला साधारण वीस मिनिटं लागतात.

आता आम्ल. आम्ल म्हणजे हायड्रोजन आयनांची गर्दी. ग्लुटामिक आणि अस्पार्टिक आम्लांच्या टोकांवर दुधाच्या पीएचला ऋण भार असतो. पीएच चारच्या जवळ येतं तशी ही टोकं हायड्रोजन उचलतात आणि भार गमावतात. लायसीन आणि आर्जिनीनचे धन भार मात्र तसेच राहतात. यातून तीन परिणाम निघतात. धन-ऋण जोड्या तुटतात, म्हणजे आयनिक बंध जातात. पीएच आणखी खाली गेलं की सगळ्या रेणूवर धन भारच उरतो आणि त्याचे भाग एकमेकांना ढकलतात, म्हणजे घडी आतून ताणली जाते. आणि मधल्या एका पीएचला धन आणि ऋण बरोबर समान होतात, रेणूवर निव्वळ भार शून्य राहतो. तो समविभव बिंदू. तिथे ढकलाढकल थांबते आणि रेणू सर्वांत सहज साकळतात.

आम्लानं घडी खरोखर मोडते त्याचं दुधातलं उत्तम उदाहरण अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन. त्याच्या घडीत एक कॅल्शियम आयन बसलेला असतो आणि त्याला तीन अस्पार्टिक आम्लांची ऋण टोकं धरून असतात. पीएच चारच्या खाली गेलं की ती टोकं भार गमावतात आणि कॅल्शियम निसटतो. मग तिसरी पातळी ढासळते, पण दुसरी बरीच शाबूत राहते. सर्पिलं तशीच, त्यांची एकमेकांतली बसण मात्र सैल. अशा अवस्थेला 'मोल्टन ग्लोब्यूल' म्हणतात. पीएच वर आणून कॅल्शियम दिला की घडी परत येते. पातळ्या एकाच वेळी जात नाहीत, हे याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

बीटा-लॅक्टोग्लोब्युलीनचं उलट. पीएच दोनला त्याची जोडी सुटते, चौथी पातळी जाते, पण एकेकट्या रेणूचं पिंप बंदच राहतं. जठरातही ते पेप्सिनला बराच वेळ दाद देत नाही. आणि पेप्सिन स्वतःच प्रथिन असून पीएच दोनला जोमानं काम करतं, त्याची घडी मोडते ती आम्ल कमी होऊन पीएच सातकडे गेल्यावर. म्हणून 'आम्लानं प्रथिन डिनेचर होतं' याचा खरा अर्थ एवढाच की ज्या पीएचला घडी जमली आहे त्यापासून दूर गेलं की भारांचा तोल बिघडतो. किती बिघडल्यावर घडी मोडेल हे प्रथिनाप्रथिनावर अवलंबून.

आणि केसीन? त्याचा समविभव बिंदू पीएच ४.६. लिंबामुळे पीएच उतरतं तसं गोळीतलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळतं, बाहेरच्या केसांचा भार जातो, दूर ढकलणारं काही उरत नाही, गोळ्या चिकटतात आणि दूध नासतं. विरजणातले जंतू लॅक्टिक आम्ल बनवून हेच संथपणे करतात, म्हणून दही सलग लागतं आणि लिंबाच्या दुधाचे गोळे होतात. घडी नसलेलं प्रथिन इथे फक्त भार गमावून साकळलं. चीजसाठी रेनेट घालतात तेव्हा तिसराच मार्ग असतो. ते एन्झाइम कापा केसीनमधला १०५ आणि १०६ यांच्यामधला एकच पेप्टाइड बंध कापतं आणि ते केसच उतरवतं. तिथे पहिली पातळी तुटते, ना ताप ना आम्ल.

दोन्ही कारणं एकत्र आली की काय होतं, ते आम्ही रोज बघत असू. दूध संकलनात सीओबी, म्हणजे 'क्लॉट ऑन बॉइलिंग', म्हणून एक साधी तपासणी असते. परीक्षानळीत पाच मिलिलिटर दूध घ्यायचं, उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं धरायचं, आणि नळी तिरकी करून काचेवर कण दिसतात का ते पाहायचं. दूध आंबायला लागून पीएच ५.८ च्या आसपास आलं असेल तर ते थंडपणी नासलेलं नसतं, पण गोळ्यांवरचा भार इतका उतरलेला असतो की उकळीला टिकत नाही. घरी 'सकाळचं दूध रात्री तापवताना नासलं' म्हणतात ते हेच.

एकदा एका कॅनचं दूध या तपासणीत गोळा झालं. नेहमीप्रमाणे आंबलं असणार म्हणून माझ्या मदतनिसानं ते बाजूला ठेवलं. मला वास गोड लागला, म्हणून पीएच मीटर लावला, तर ६.४. एवढ्यावर केसीन उकळीत पडत नाही. दुधाचा रंगही पिवळट होता आणि नळीतला गोळा चिवट होता, आंबलेल्या दुधासारखा रवाळ नव्हता. शेतकऱ्याला विचारलं तेव्हा कळलं की त्याची म्हैस दोन दिवसांपूर्वी व्यायली होती आणि घरच्यांनी तिची धार चुकून कॅनमध्ये ओतली होती. नळीत आमच्यासमोर खरवस झाला होता. तेव्हापासून मी नव्या मुलांना सांगत आलो की सीओबीची नळी फक्त 'साकळलं' एवढंच सांगते. केसीननं भार गमावला की निवळीच्या प्रथिनांची घडी मोडली, हे पीएच पाहिल्याशिवाय कळत नाही.

मुलीला हे घरीच दाखवता येईल. पिशवीतलं गायीचं टोन्ड दूध घ्या, न तापवलेलं. महिनोन्महिने टिकणारं खोक्यातलं दूध नको, ते कारखान्यातच फार तापलेलं असतं. पिशवीचं दूध पाश्चराइज करताना ७२ अंशांना १५ सेकंद तापवतात, तेवढ्यात निवळीच्या प्रथिनांचा थोडाच भाग मोडतो. अर्धा लिटर दुधाचे दोन समान भाग करा. एक तसाच ठेवा. दुसरा ढवळत दहा मिनिटं मंद उकळा आणि गार करा. मग दोन्ही भाग हाताला कोमट लागतील इतके, म्हणजे ४० अंशांच्या आसपास आणा, आणि चमचाचमचा लिंबाचा रस घालत ढवळा. केसीनचे गोळे वेगळे होऊन खाली हिरवट पाणी दिसलं की थांबा. दोन्ही पाणी आधी फडक्यातून आणि मग कॉफीच्या गाळणकागदातून गाळा. शेवटी ती दोन भांड्यांत वेगवेगळी तापवा.

न उकळलेल्या दुधाचं पाणी ८० अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागेल आणि उकळी येईपर्यंत त्यात पांढरे पुंजके तरंगतील. हेच बीटा-लॅक्टोग्लोब्युलीन आणि त्याचे सोबती. आम्लानं ते पडले नव्हते, तापानं घडी मोडल्यावर पडले. उकळलेल्या दुधाच्या पाण्यात पुंजके फारच थोडे निघतील, कारण ती प्रथिनं आधीच उलगडून केसीनला चिकटली होती आणि गोळ्यांबरोबर फडक्यात राहिली. पनीर करताना दूध आधी नव्वद अंशांपर्यंत नेतात, त्यामागे हाच फायदा आहे: निवळीचं प्रथिनही पनीरमध्ये येतं आणि वजन वाढतं.

दोन ठिकाणी हा प्रयोग फसतो. पाणी तापवण्याआधीच गढूळ असेल तर लिंबू कमी पडलं आहे किंवा गाळणं सैल आहे. केसीनचेच कण उतरलेले असतात. थोडं लिंबू घाला, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि वरचं स्वच्छ पाणी घ्या. दुसरी चूक जास्त लिंबाची. पाणी फार आंबट झालं तर उकळूनही ते स्वच्छच राहतं आणि मुलीला वाटेल की पुस्तक खोटं आहे. बीटा-लॅक्टोग्लोब्युलीनचा समविभव बिंदू पीएच ५.२ च्या जवळ आहे. त्याच्या बऱ्याच खाली रेणूंवर धन भार इतका असतो की ते चिकटत नाहीत. अशा वेळी त्या पाण्यात खायच्या सोड्याची लहानशी चिमूट टाका आणि पुन्हा तापवा. पीएच वर येतं, भार उतरतो आणि पुंजके दिसू लागतात. सोडा चिमटीपेक्षा जास्त पडला तर कॅल्शियमच्या क्षारांचाही साका खाली बसतो, तो बारीक खडूच्या पुडीसारखा दिसतो. प्रथिनाचे पुंजके मऊ, कापसासारखे असतात.